मदत हवी आहे: डिस्टन्स २०/३ येतंय, पुस्तकात २८/३ आहे

सातारकर_बारावी
उद्या सकाळी क्लासची टेस्ट आहे आणि या एका गणितावर दीड तास गेला. v = t² − 6t + 8 दिलंय, टोटल डिस्टन्स काढायचं. इंटिग्रेशन केलं, किमती घातल्या, २०/३ आलं. पुस्तकाच्या मागे २८/३ छापलंय. तीनदा करून बघितलं, तेच येतं. छपाईची चूक आहे का? लवकर सांगा प्लीज.

कोरेगाव_कट्टा
किती वेळासाठी? ते लिहिलंच नाहीस.

सातारकर_बारावी
शून्यापासूनच की.

कोरेगाव_कट्टा
अरे, शून्यापासून कुठवर?

सातारकर_बारावी
५ सेकंद. सॉरी. सरळ रेषेत जातोय कण, मीटर आणि सेकंद.

पेठनाका_एक्सप्रेस
सोप्पं आहे राव. साताऱ्याहून एसटीनं सांगलीला निघालास की कराड, पेठ नाका करत वाकडा जातोस. गाडीच्या मीटरवर पडतं ते डिस्टन्स. नकाशावर सातारा ते सांगली पट्टी ठेवली की डिस्प्लेसमेंट. म्हणून डिस्टन्स जास्त. पुस्तक बरोबर आहे.

कोरेगाव_कट्टा
तो म्हणतोय सरळ रेषेत. वळण नाही, पेठ नाका नाही. मग फरक आला कुठून?

पेठनाका_एक्सप्रेस
मग फरक नसणारच. पुस्तक चुकलं.

रिपीटर_मिरज
डिस्टन्स म्हणजे मॉड. शेवटी येईल त्या उत्तराला मॉड लावायचा, मायनस आलं तर प्लस करायचं. तुझं प्लसच आहे, म्हणजे २०/३ बरोबर. पुस्तकांत अशा चुका खूप असतात, मी दोन वर्षं बघतोय.

कृष्णाकाठचे_मास्तर
पुस्तक बरोबर आहे. मॉडही बरोबर आहे, पण तो लावायची जागा चुकली. बेरीज झाल्यावर मॉड लावून उपयोग नाही, कारण तोवर पुढचं आणि मागचं एकमेकांत वजा होऊन गेलेलं असतं.

बाळ, इंटिग्रेशन क्षणभर बाजूला ठेव आणि v शून्य कधी होतो ते बघ. t² − 6t + 8 चे अवयव (t − 2)(t − 4). दुसऱ्या आणि चौथ्या सेकंदाला कण क्षणभर थांबतो. मधल्या वेळेत, समजा तिसऱ्या सेकंदाला, v = 9 − 18 + 8 = −1. म्हणजे त्या दोन सेकंदांत तो उलटा चाललाय.

आता प्रत्येक थांब्यावर तो कुठे आहे ते काढ. s = t³/3 − 3t² + 8t, सुरुवात शून्यावर धर. २ सेकंदांनी तो २०/३ वर, ४ सेकंदांनी १६/३ वर, ५ सेकंदांनी पुन्हा २०/३ वर. पुढे २०/३ गेला, ४/३ मागे आला, परत ४/३ पुढे गेला. पावलं मोजलीस तर २८/३ मीटर. जागेतला फरक बघितलास तर २०/३. तुझं इंटिग्रेशन चुकलेलं नाही, तू डिस्प्लेसमेंट काढलंस.

सातारकर_बारावी
अरे हो! म्हणजे २ सेकंदांना जिथे होता तिथेच ५ ला परत आला. मधले तीन सेकंद माझ्या उत्तरात दिसलेच नाहीत.

रिपीटर_मिरज
ठीक आहे, तुकडे करायचे मान्य. पण ३ वर करायचे ना? ग्राफ काढा, पॅराबोला ३ वर वळतो. आम्हाला "ग्राफ वळतो तिथे तोड" असंच शिकवलंय.

कृष्णाकाठचे_मास्तर
३ वर तोडून बघच. शून्य ते ३ मध्ये ६ मीटर, ३ ते ५ मध्ये २/३. दोन्ही प्लस, बेरीज २०/३. म्हणजे त्या बाळाचंच उत्तर पुन्हा हातात. ३ वर वेगाचा ग्राफ वळतो, कण नव्हे. तिथे तो उलटाच चाललाय, आणि उलटा सर्वांत जोरात तिथेच आहे. वेगाच्या ग्राफवर आडवी रेघ ओलांडली जाते तिथे तोडायचं. तुमच्या सरांनी बहुधा जागेच्या ग्राफबद्दल सांगितलं असेल. त्या ग्राफवर त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

रिपीटर_मिरज
सर वेगाच्या ग्राफवरच म्हणाले होते. वही बघून सांगतो.

कुपवाड_टर्नर
मी दहावीच शिकलोय, गणित कळत नाही, पण हे रोज हातात आहे. एमआयडीसीत सीएनसीवर असतो. पाळी सुरू होताना स्लाइड शून्यावर, पाळी संपताना पण शून्यावर. स्क्रीन म्हणते हलली नाही. पण दिवसभर पुढं-मागं पळून स्क्रू झिजतोच. तेल द्यायचं ते स्क्रीनवरच्या आकड्याकडं बघून नव्हं, एकूण पळालेल्या अंतरावर. आणि दिशा बदलताना किंचित ढिलाई येते, तिला आम्ही बॅकलॅश म्हणतो. जुन्या मशीनला नट बदलावा का स्क्रूच नवा घ्यावा, कुणाला अनुभव?

कोरेगाव_कट्टा
त्याचा वेगळा धागा काढा दादा. पण उदाहरण झकास.

पेठनाका_एक्सप्रेस
मास्तर, मग माझी एसटी चूक का?

कृष्णाकाठचे_मास्तर
एसटी चूक नाही, या गणिताला लागू नाही. वाकड्या रस्त्यावर गाडी एकदाही मागे न फिरता फरक पडतो. सरळ रेषेवर मात्र फरक पडायला मागे फिरावंच लागतं. आणि तो फरक नेमका मागे गेलेल्या अंतराच्या दुप्पट असतो, कारण तेवढं अंतर एकीकडे मिळवलं जातं आणि दुसरीकडे वजा होतं. इथे मागे ४/३, दुप्पट ८/३. २०/३ मध्ये मिळव, २८/३. टेस्टमध्ये ताळा करायला बरं पडतं. सुरुवातीच्या जागेपेक्षा शेवट मागे पडला, तर मात्र डिस्प्लेसमेंटचं वजाचिन्ह तसंच ठेवून हा ताळा करायचा.

सातारकर_बारावी
करून बघितलं, येतंय. पुढच्या गणितात v = (t − 3)² आहे. ३ वर शून्य होतोय, तिथे तोडायचं?

कोरेगाव_कट्टा
तोडलंस तरी बिघडत नाही. वर्ग आहे, मायनस होणारच नाही. थांबतो आणि त्याच दिशेनं पुढे जातो. ५ सेकंदांचं दोन्ही ३५/३.

सातारकर_बारावी
आणि एकात समीकरणच नाही, टेबल आहे. t = 0, 2, 4, 6 आणि v = 8, 0, 0, 8. यात कुठेच मायनस नाही, म्हणजे डिस्टन्स आणि डिस्प्लेसमेंट सारखंच ना?

कृष्णाकाठचे_मास्तर
तुझ्या पहिल्याच समीकरणात 0, 2, 4, 6 घालून बघ.

सातारकर_बारावी
8, 0, 0, 8. अरेच्चा. मागे गेलेला टेबलमध्ये दिसतच नाही.

रिपीटर_मिरज
मग ते गणितच चुकीचं आहे. २ ते ४ मध्ये थांबलेला पण असू शकतो.

कृष्णाकाठचे_मास्तर
असू शकतो. गणितात टेबलाच्या वर-खाली काही वाक्य आहे का? "या वेळात दिशा बदलत नाही" किंवा "त्वरण एकसमान बदलते" असं काही?

कोरेगाव_कट्टा
पूर्ण प्रश्न टाइप कर रे, दर वेळी अर्धाच देतोस.

पेठनाका_एक्सप्रेस
झोपला वाटतं.

रिपीटर_मिरज
वही बघितली. जागेचाच ग्राफ होता.