वॉलेटमधले पैसे बँकेत नेताना काय काय झालं? अनुभव लिहा

रेवा_लिहिते:
गेल्या आठवड्यात कपाट आवरताना जुना फोन सापडला. चार्ज केला, वॉलेट उघडलं, तर आत ५,२०० पडलेले! मागे भाषांतराची कामं करायचे, तेव्हाचे. ते तिथेच का राहिले तेही लगेच आठवलं. पैसे येताना कुणी ओळख विचारली नव्हती, खर्चही करता येत होते. बँकेत न्यायचे म्हटल्यावर मात्र "पडताळणी अपूर्ण". ओळखपत्र दिलं, तर नाव जुळेना. वॉलेटवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. वैतागून नाद सोडला होता.
आता नाव बदलून घेतलं, पडताळणीही झाली. काल ५,००० काढायला गेले तर "शिल्लक अपुरी". अहो, ५,२०० आहेत ना! तुमचेही अनुभव येऊ द्या.

उनाडपाऊस:
माझं तर पाकीटच हरवलं होतं मागे. सगळी कार्डं गेली. एका भल्या माणसाने आणून दिलं.

खिडकीतला:
@उनाडपाऊस, अहो, फोनमधल्या पाकिटाबद्दल चाललंय 😀

उनाडपाऊस:
हो का! राहू द्या आता, लिहून झालंय.

मी_मुक्ता:
नावाचं सेम. माझ्या नावात बँकेने वडिलांचं नाव घातलंय, वॉलेटवर नुसतं आद्याक्षर. तीन वेळा परत आले पैसे. प्रत्येक वेळी आधी "पाठवले" असा मेसेज, मला वाटायचं पोचले. दुसऱ्या दिवशी वॉलेटमध्ये हजर. (कुकर झाला, उरलेलं नंतर लिहिते.)

आकडेमोड्या:
रेवाताई, दोन गोष्टी बघा. शिल्लकेवर बोट दाबलं की फोड दिसते का? त्यातले काही बक्षिसाचे असतील. ते खर्च करता येतात, काढता येत नाहीत. दुसरं म्हणजे शुल्क किती आणि ते कशातून कापतात?

रेवा_लिहिते:
बरोब्बर! २०० बक्षिसाचे निघाले. शुल्क २ टक्के, किमान १०. पण मग ५,००० तरी निघायला हवेत ना?

आकडेमोड्या:
नाही निघणार. तुमचं वॉलेट शुल्क वरून घेत असणार. ५,००० काढायचे तर १०० शुल्क, म्हणजे आत ५,१०० हवेत. ५,००० ला १.०२ ने भागा, ४,९०१.९६ येतात. ४,९०१ टाका. शुल्क ९८.०२, एकूण ४,९९९.०२. ४,९०२ टाकलेत तर चार शतांशाने अडेल. काही वॉलेटं काढलेल्या रकमेतूनच शुल्क कापतात. तिथे पूर्ण आकडा चालतो, बँकेत कमी पोचतात एवढंच. शेवटचं बटण दाबण्याआधी "खात्यात जमा होणार" ही ओळ वाचायची.

खिडकीतला:
मी हुशारी करून १००-१०० काढत होतो, कमी रकमेला कमी शुल्क म्हणून. दर वेळी किमान १० गेले. दहा टक्के!! बायको अजून ऐकवते.

आकडेमोड्या:
😂 २ टक्क्याला किमान १० असेल तर ५०० च्या खाली काढणं तोट्याचंच.

सदूभाऊ:
मर्यादेचं कुणी बोललं नाही. महिन्याची मर्यादा १ तारखेला नव्याने सुरू होते, तोवर थांबायचं. सोपं आहे.

मी_मुक्ता:
सदूकाका, सगळीकडे नाही हो तसं. मी ३१ तारखेला काढले, १ ला परत गेले तर नकार. माझ्यात मागचे ३० दिवस मोजतात. आणि ते परत आलेले तीन व्यवहारसुद्धा मर्यादेत धरले होते! तक्रार केल्यावर काढले. शुल्क दोनदाचं परत आलं, तिसऱ्याचं अजून नाही.

सदूभाऊ:
माझ्यात तरी १ तारखेलाच होते. असेल वेगळं.

नवखी_पोर:
बँकेतून वॉलेटमध्ये कसे टाकायचे? तिकडेपण शुल्क असतं का?

खिडकीतला:
उलटा प्रवास! वेगळा धागा काढ गं, इथे सगळे बाहेर पडायच्या मागे आहेत.

शांताराम_पुन्हा:
पडताळणी अडकली म्हणून मी नेटवर मदतीचा नंबर शोधला. समोरचा गोड बोलला, स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप टाकायला लावलं, मग ओटीपी मागितला. तेवढ्यात मुलगी ओरडली, "बाबा, फोन ठेवा!" ठेवला. मदतीचा नंबर अ‍ॅपच्या आतूनच घ्या.

मी_मुक्ता:
बापरे! मुलीला शाबासकी द्या.

उनाडपाऊस:
रेवा, तो जुना फोन कुठला? बॅटरी फुगली नाही? माझी तर झाकण उचलून बाहेर आली होती.

रेवा_लिहिते:
नाही फुगली, पण तापतोय. आणि ४,९०१ गेले!! "प्रक्रियेत" दाखवतंय. पुन्हा पाठवू का?

आकडेमोड्या:
अजिबात नको. संदर्भ क्रमांक लिहून ठेवा आणि बँकेचं खातं बघा, वॉलेटचा मेसेज नाही. पहिले पोचले असतील तर दुसरेही जातील.

खिडकीतला:
दुसरे जायला आहेत कुठे? ०.९८ उरलेत.

रेवा_लिहिते:
आत्ता बँकेत आले! ४,९०१ पूर्ण. ते ०.९८ काढायला १० लागतील म्हणे 😄