रिटर्नमध्ये भलतीच साडी

"रिटर्नच्या पाकिटात भलतीच साडी निघाली, पैसे बुडाले का?"

बुडालेच असं नाही, पण पाकीट फोडण्याआधीपासूनचा व्हिडिओ हवा. इंदूरहून ऑनलाइन महेश्वरी साड्या विकताना माझा भरपाईचा पहिला क्लेम फेटाळला गेला, कारण चित्रण कात्री लावल्यानंतर सुरू झालं होतं. पुढच्या वेळी वहिनीने मोबाइल धरला: आधी लेबलवरचा एडब्ल्यूबी, म्हणजे कुरिअरचा पार्सल नंबर, मग शाबूत टेप, मग न थांबता घडी उलगडली. आत पॉलिस्टरची साडी, वर हळदीचा डाग! पाठवताना आम्ही काठाला लाल दोऱ्याने नंबराची चिठ्ठी टाचतो आणि फोटो काढून ठेवतो. तो जोडला, पैसे मिळाले. क्लेमची मुदत मात्र मोजक्याच दिवसांची असते, तेव्हा रिटर्नची पाकिटं रविवारसाठी साठवून ठेवू नका.