मदत हवी आहे: सहमती ९२ टक्के, मग कप्पा ०.२९ कसा?

रेसिडेंट_पीएसएम: थीसिस परवा जमा करायचा आहे. दोन डॉक्टरांनी तेच छातीचे एक्स-रे वाचले, टीबीची शंका आहे की नाही एवढंच. टेबलचा फोटो जोडलाय. सहमती ९२ टक्के, पण कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळणारं वजा करून मोजलेली सहमती, ०.२९. गाईड म्हणतात कप्पाच लिही. कुठे चुकतंय?

माधुरी_ता: खालचा उजवा आकडा ९० की ९६? फोटोत बेरजेची ओळ कापली गेलीय. आणि दोघांनी एकमेकांचं न बघता वाचले का?

रेसिडेंट_पीएसएम: ९०, दोघेही "नाही". एकूण १००. हो, वेगवेगळे बसून वाचले.

सांगलीकर: सोपं आहे. सेन्सिटिव्हिटी काढा, काय-स्क्वेअर लावा, पी व्हॅल्यू येईल.

माधुरी_ता: सेन्सिटिव्हिटीला खरं उत्तर लागतं, ते इथे कुणाकडेच नाही. काय-स्क्वेअर संबंध दाखवतो, सहमती नाही.

दोघांचं "हो" २, फक्त पहिल्यांचं "हो" ३, फक्त दुसऱ्यांचं ५, दोघांचं "नाही" ९०. २ + ३ + ५ + ९० = १००, म्हणजे आकडे जुळतात. पहिल्यांनी ५ जणांना "हो" म्हटलं, दुसऱ्यांनी ७ जणांना. दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात शिक्के मारले असते, तरी ०.०५ × ०.०७ आणि ०.९५ × ०.९३ मिळून ८८.७ टक्के जुळलेच असते. म्हणजे योगायोगापलीकडे जुळायला ११.३ टक्केच जागा उरते, त्यातले ३.३ मिळाले. ३.३ भागिले ११.३ म्हणजे ०.२९. गणित बरोबर आहे.

डेटावाला: ०.४ च्या खाली म्हणजे डॉक्टरच कच्चे. नाहीतर पाबाक लावा, म्हणजे हो-नाहीच्या कमीजास्त प्रमाणाचा परिणाम काढलेला कप्पा, २ × ०.९२ − १ = ०.८४. प्रश्न मिटला.

माधुरी_ता: मिटला नाही, झाकला. शंकेचे रुग्ण कमी असले की कप्पा पडतो, त्यामुळे डॉक्टर कच्चे म्हणायला एवढा पुरावा पुरत नाही. पण कुणीतरी एकाने तरी "हो" म्हटलेले एक्स-रे दहा, त्यांतले दोनच दोघांचे सारखे. ते ०.८४ मध्ये दिसणारच नाही. दोघांचे मिळून "हो" १२, त्यांतले जुळलेले ४, म्हणून "हो" वरची सहमती ४ भागिले १२, म्हणजे ३३ टक्के. "नाही" वरची १८० भागिले १८८, सुमारे ९६ टक्के. हे दोन्ही आकडे द्या, सोबत पूर्ण टेबल.

पेपर_तपासनीस: आम्ही उत्तरपत्रिकांना वेटेड कप्पा लावला होता, छान आला.

माधुरी_ता: तो क्रमवारी श्रेणींसाठी. हो-नाहीत त्याचा साध्या कप्पाहून वेगळा आकडा येत नाही.

डेटावाला: पण परीक्षक एकच आकडा मागतात. ०.२९ बघून प्रबंध परत पाठवतील.

माधुरी_ता: मग कप्पा मर्यादांसकट द्या. साध्या सूत्राने ९५ टक्के मर्यादा साधारण −०.१८ ते ०.७६ येतात. इतक्या कमी "हो" वर याहून नेमकं सांगता येत नाही.

रेसिडेंट_पीएसएम: गाईड मान्य करतील का माहीत नाही. न जुळलेल्या आठ फिल्म तिसऱ्या डॉक्टरांना दाखवल्या तर?

माधुरी_ता: निदानासाठी दाखवा, पण त्यांचं मत या टेबलमध्ये मिसळू नका.