नकली घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून विकलं : पैसे परत मागणारी नोटीस दिलेल्यांचे अनुभव

हातमागवाली

बाबांच्या निवृत्तीला नवी पेठेतल्या एका दुकानातून जपानी कंपनीचं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. किंमत 16,500. "कंपनीचा ओरिजिनल पीस आहे ताई, दोन वर्षं वॉरंटी," असं काउंटरवर सांगितलं. बिलावर मात्र 'रिस्ट वॉच, 1 नग' आणि रक्कम, एवढंच. थोड्याच दिवसांत ते रोज दहा-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं. पुण्याला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेलं, तर त्यांनी न उघडताच चिठ्ठी दिली : 'झाकणावरील क्रमांक आमच्या नोंदीत नाही, दुरुस्तीस स्वीकारत नाही.' दुकानदाराचं म्हणणं, "पुण्याला कशाला गेलात? वॉरंटी आमची आहे. ठेवून जा, करून देतो."

मला करून नकोय, पैसे परत हवेत. नोटीस स्वतःच लिहितेय. सोलापूर आणि आसपास ज्यांनी अशी नोटीस दिली त्यांनी लिहा : नोटिशीत काय घातलं, दुकानदारानं काय उत्तर दिलं, पुढे काय झालं. वकिलांचे नंबर नकोत, अनुभव हवेत.

विडी घरकुलचा पोरगा

ठेवून आली नाहीस ते लई बरं केलंस ताई. माझा दोस्त 'बघतो' म्हणले म्हणून देऊन आला. आता मालक म्हणतो, "कुठलं घड्याळ बे?" पावती नाही, काय नाही. पैसेबी गेले, घड्याळबी गेलं.

जुळे सोलापूरकर

माझं प्रकरण मिटलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन छोट्या डायलचं क्रोनोग्राफ, 9,800 ला. स्टॉपवॉच थांबवून खालचं बटण दाबलं की काटा शून्यावर यायला हवा, तो भलतीकडेच थांबायचा. एका छोट्या डायलमधला काटा तर नुसता तासकाट्याबरोबर फिरत होता. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलमध्ये ती डायल स्टॉपवॉचची मिनिटं दाखवते. दिसायला तसंच, आत मशीन दुसरं.

बिल माझंही तुमच्यासारखंच मुकं होतं. पण घेण्याआधी मी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "ओरिजिनल ना?" उत्तर आलं होतं, "100% ओरिजिनल सर, कंपनी वॉरंटी." नोटिशीत मी हे सगळं तारखेनिशी लिहिलं. मधला परिच्छेद असा होता :

'बिल क्रमांक अमुक अन्वये आपण मला विकलेल्या घड्याळाच्या झाकणावर अमुक क्रमांक आहे. ते अमुक कंपनीचे असल्याचे आपण अमुक तारखेच्या संदेशात मला लेखी कळवले. ते तसे नसल्याचे पुढील कारणांवरून दिसते. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत 9,800 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. रक्कम मिळताच घड्याळ मूळ डबीसह परत देण्यास मी तयार आहे.'

उत्तर त्यांच्या वकिलाकडून आलं : 'सदर घड्याळ कॉपी असल्याची पूर्ण कल्पना ग्राहकास देऊनच विकले.' मला वाटलं, संपलं. पण नीट वाचल्यावर कळलं की वकिलानं माझंच काम केलंय. घड्याळ आमच्याच दुकानातलं, हे मान्य. ओरिजिनल नाही, हेही मान्य. वाद उरला तो फक्त विकताना काय सांगितलं एवढ्याचा, आणि ते तर चॅटमध्ये होतं. चॅटचा फोटो जोडून दोन ओळींचं पत्र पाठवल्यावर मालकाचा फोन आला. आधी 'अर्धे घ्या', मग 'दुसरं घड्याळ घ्या', शेवटी पूर्ण रक्कम. परत करताना घड्याळाचा नंबर घालून पोहोच लिहून घेतली आणि 'तक्रार नाही' या ओळीवर सही केली ती खात्यात पैसे दिसल्यावरच. खर्चापोटी 5,000 मागितले होते, ते सोडले.

बार्शीचे काका

वकिलाच्या लेटरहेडशिवाय नोटिशीला काही किंमत नसते. ग्राहक आयोग अशी तक्रार दाखलच करून घेत नाही. आणि ताई, त्यात स्पष्ट लिहा की 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पोलिसांत फौजदारी ठोकीन. त्याशिवाय व्यापारी हलत नाही. नुकसानभरपाई 50,000 मागा, मग 16 वर तरी येतील.

जुना टायपिस्ट

काकांचं एक बरोबर आहे : वकिलाचं पाकीट आलं की काही दुकानदार लवकर हलतात. बाकीचं नाही. तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे अशी अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नाही, मग वकिलाची कुठून असणार? तक्रारही स्वतः चालवता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. व्यवहारात फसगत झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि दुकानदाराशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही, हे लक्षात असू द्या.

फौजदारीची धमकी घालू नका. वकिलाच्या ऑफिसात आयुष्य गेलं माझं. 'पैसे द्या नाहीतर गुन्हा' हे वाक्य पुढे उलट तुमच्यावरच वापरलेलं पाहिलंय. 'इतर कायदेशीर उपायांचा हक्क राखून' एवढं पुरे. कलमांची माळही नको. 'अनुचित व्यापारी प्रथा' हा शब्द घाला, बाकी घटनाक्रम लिहा.

जास्त पाकिटं फसतात ती नावावर. पाटीवर एक नाव, जीएसटी दुसऱ्याचा, यूपीआय तिसऱ्याच्या खात्यात. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, मालकाचं कायदेशीर नाव आणि नोंदणीचा पत्ता निघतो. नोटीस त्या नावानं, 'प्रोप्रायटर, अमुक दुकान' असं लिहून द्या. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोहोचल्याच्या नोंदीची प्रिंट त्याच आठवड्यात काढून ठेवा. 'घेण्यास नकार' शेरा मारून पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे पोहोचच धरतात.

रेवणसिद्ध

सोलापुरात चावीच्या घड्याळाचा चांगला कारागीर कोण आहे? आजोबांचं घड्याळ मागे पडतंय. इथं घड्याळवालेच जमलेत म्हणून विचारलं.

काटा-स्प्रिंग

रेवणसिद्ध, तेल वाळलं असेल. मधल्या मारुतीकडे या, चहाही पाजतो.

मी याच धंद्यात आहे, म्हणून ताईंना जरा कडू वाटेल ते सांगतो. तुमची पुण्याची चिठ्ठी 'नकली' म्हणत नाही. ती म्हणते, नोंदीत नाही. बाजारात तीन प्रकारचा माल असतो. एक, इथल्या कंपनीनं आणलेला, बिलाचा. दुसरा, कंपनीचाच, पण दुबई-सिंगापूरहून परस्पर आलेला. त्याला आम्ही ग्रे म्हणतो; घड्याळ अस्सल, पण इथली वॉरंटी नाही आणि नंबर इथल्या नोंदीत सापडेलच असं नाही. तिसरा म्हणजे फर्स्ट कॉपी. नोटिशीत ठाम 'नकली' लिहिलंत आणि माल ग्रे निघाला, तर तो मालक छाती काढून उभा राहील.

डबीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयातीचा महिना असलेलं स्टिकर आहे का? सेकंदकाटा सलग सरकतो की सेकंदाला एक उडी मारतो? उडी मारत असेल तर आत सेलचं मशीन आहे, ऑटोमॅटिक नाहीच.

आणि आमची बाजूही ऐका. आमच्याकडून अस्सल घेऊन महिन्याभरानं कॉपी आणून आपटणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. म्हणून मी बिलावर मॉडेल आणि नंबर दोन्ही लिहितो. जो लिहीत नाही, त्याला कशाची तरी अडचण असते.

हातमागवाली

काटा सलग सरकतो, सेलचं नाही. स्टिकर नाही. म्हणजे ग्रे असू शकतं? दहा मिनिटं पुढे पळतं त्याचं काय?

काटा-स्प्रिंग

दहा मिनिटं कुठल्याही अस्सल ऑटोमॅटिकला शोभत नाहीत, पण हेअरस्प्रिंगला चुंबक लागलं तर अस्सलही असं पळतं. स्पीकरजवळ ठेवलं होतं का? खरं उत्तर झाकण उघडल्यावर. मशीनवर कंपनीचा शिक्का आणि कॅलिबरचा नंबर दिसतो, रोटरवरची कोरणी खरी की छापील तेही कळतं. पण इथल्या कुणाकडून उघडून घेऊ नका, माझ्याकडूनही नको. मग मालक म्हणेल, आतलं मशीन तुम्हीच बदललं. सेंटरनंच उघडून लिहून दिलं पाहिजे.

अक्कलकोट रोड

सेंटरवाले 'नकली' असा शब्द लेखी देत नाहीत, माझा अनुभव. माझं तर रोखीत, बिलाशिवाय. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, त्यांनी दुकानाशी संपर्क केला, उत्तर नाही. नोटीस नकार देऊन परत आली. बिल न देणं हीच अनुचित प्रथा आहे असं आयोगात सांगितलंय, पण ते घड्याळ त्याच दुकानातलं हे दाखवायला माझ्याकडे नणंदेचं शपथपत्र आणि डबीवरचा दुकानाचा शिक्का, एवढंच आहे. प्रकरण अजून चालू आहे. पुरेल का, माहीत नाही.

जुना टायपिस्ट

ताई, शिक्क्याचा मूळ डबा जपा, फोटोवर भागवू नका. आयोग घड्याळ सीलबंद करून तपासणीला पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र सहसा आधी तक्रारदारालाच भरावा लागतो.

हातमागवाली, काटा-स्प्रिंग यांनी फार मोलाचं सांगितलं. नोटीस अशी लिहा की दोन्ही बाजूंनी टिकेल. 'नकली आहे' असं ठोकून न म्हणता, सेंटरनं नाकारल्याची हकीकत लिहा आणि दुकानदारालाच विचारा : हे घड्याळ कोणाकडून खरेदी केलं ते खरेदी बिल आणि कंपनीच्या वॉरंटीचा पुरावा 15 दिवसांत द्या, नाहीतर पैसे परत करा. अस्सल माल विकणाऱ्याकडे खरेदीचं बिल असतंच. ग्रे निघालं तरी 'कंपनीचा पीस, वॉरंटी' हे बोलणं खोटं ठरतं. मात्र 'वॉरंटी दुकानाची म्हणालो होतो' असं तो म्हणणार, आणि तिथे तुमचं बोलणं विरुद्ध त्याचं. सोबत कोणी होतं?

हातमागवाली

धाकटा भाऊ होता. त्याचं शपथपत्र करता येईल.

बार्शीचे काका

भावाचं कोण मानतं? आणि अजून सांगतो, 50,000 मागा.

जुना टायपिस्ट

भाऊ आहे म्हणून साक्ष बाद होत नाही, वजन कमी-जास्त होईल. रक्कम तुम्ही ठरवा, पण पुण्याची तिकिटं आणि स्पीड पोस्टच्या पावत्या जोडता येतील तेवढं मागितलं तर वाचणाऱ्याला पटतं.

हातमागवाली

मसुदा बदलला. आता मधली ओळ अशी : 'सदर घड्याळ कंपनीचे असल्यास त्याचे खरेदी बिल व कंपनीची वॉरंटी दाखवावी, नसल्यास 16,500 रुपये व प्रवासखर्च परत करावा.' यूपीआयचं खातं मालकाच्या पत्नीच्या नावावर निघालं, म्हणून नोटीस दोघांच्या नावानं जातेय. 'वॉरंटी आमची' हे वाक्य ते मला फोनवरही म्हणाले होते. आता तेच व्हॉट्सॲपवर विचारून ठेवलंय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. पुण्याच्या सेंटरला फी भरून झाकण उघडून लेखी अहवाल द्याल का असं मेलनं विचारलंय. ते काय म्हणतात ते इथे लिहीन.