न्यूटनची पद्धत फक्त पुस्तकातच वेगवान आहे का?

सेन्सरवाला (धागाकर्ता):
सेन्सरच्या डेटावर वक्र बसवणं हे माझं रोजचं काम. स्पष्ट मत मांडतो: किमान शोधायची न्यूटन मेथड अभ्यासक्रमातून काढून टाका. हेशियन काढा, त्याचा इन्व्हर्स काढा, आणि पदरात काय पडतं? किमानाजवळ गेलं की दर पावलाला बरोबर अंक दुप्पट होतात, असं शिकवतात. मला ते कधीच दिसलं नाही. लर्निंग रेट नीट लावला की साधा ग्रेडियंट डिसेंट पुरतो.

उतरंड:
तुम्हाला दिसलं नाही म्हणून ते होतच नाही, हे मला मान्य नाही. कागद घ्या आणि f(x) = x − ln x हे फंक्शन करून बघा. किमान x = 1 ला. पहिलं डेरिव्हेटिव्ह 1 − 1/x, दुसरं 1/x². पहिल्याला दुसऱ्याने भागून x मधून वजा केलं की न्यूटनचं पुढचं x मिळतं, ते होतं 2x − x². आता हे नवं x किमानापासून किती लांब आहे ते काढा: 1 − 2x + x², म्हणजे (1 − x)². आधी जेवढी चूक होती तिचा तंतोतंत वर्ग.

0.5 पासून निघा. 0.75, 0.9375, 0.99609375, 0.99998474, 0.9999999998. शेवटच्या दोन पावलांत चूक 0.004 वरून 0.0000000002 वर आली. लर्निंग रेट 0.1 ठेवून ग्रेडियंट डिसेंट चालवलात तर किमानाजवळ दर पावलाला चुकीचा फक्त दहावा भाग कमी होतो, त्यामुळे हेच अंतर कापायला दीडशेच्या वर पावलं लागतात. यात पुस्तकी काय आहे ते सांगा.

बंड्या_बारामतीकर:
उदाहरण स्वतःच्या सोयीचं निवडलंय. 0.1 कशाला, लर्निंग रेट 1 घ्या ना! पुढचं x होतं x − 1 + 1/x आणि 1 पासूनचं अंतर (x − 1)²/x. ग्रेडियंट डिसेंटलाही वर्ग मिळाला, तोही दुसरं डेरिव्हेटिव्ह न काढता. शिवाय तुमच्या न्यूटनला 2.5 पासून सोडा. 5 − 6.25 = −1.25. ऋण संख्येचा लॉग काढून दाखवा.

उतरंड:
दोन्ही आकडे बरोबर आहेत, मान्य करावंच लागेल. पण पहिल्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. x = 1 ला दुसरं डेरिव्हेटिव्ह नेमकं 1 आहे, म्हणून तिथे लर्निंग रेट 1 हेच न्यूटनचं पाऊल ठरतं. फंक्शन थोडं बदला: 1000x − ln x. किमान 0.001 ला आणि तिथे दुसरं डेरिव्हेटिव्ह 10 लाख. तुमचा लर्निंग रेट 1 घेऊन 0.0005 पासून निघालात तर पहिल्याच पावलाला x हजारावर जातं. आता रेट दहा लाखांश हवा, आणि तो किती हवा हे कळायला दुसरं डेरिव्हेटिव्हच लागतं. न्यूटनचं पाऊल मात्र x(2 − 1000x) होतं आणि सापेक्ष चूक, म्हणजे 1 − 1000x, पूर्वीसारखीच वर्ग होत जाते. x मीटरमध्ये मोजा की मिलिमीटरमध्ये, पावलांची संख्या तीच राहते. ग्रेडियंट डिसेंटला हे जमत नाही.

या x(2 − ax) मध्ये भागाकार कुठेच नाही, हे लक्षात आलं का? फक्त गुणाकार आणि वजाबाकी करून 1/a मिळतो. 1976 च्या क्रे-1 मध्ये भागाकाराचं वेगळं युनिट नव्हतं. आधी व्यस्ताचा ढोबळ अंदाज काढायचा आणि मग न्यूटनच्या पावलाने अचूक अंक वाढवायचे, अशी त्याची रीत होती. ज्या मशीनचा तेव्हा जगभर बोलबाला होता त्याच्या पोटात हे चालत होतं. म्हणून ‘पुस्तकी’ हा शब्द मला खटकला.

2.5 चं म्हणाल तर तिथे पूर्ण पाऊल टाकायचंच नाही, अर्धं टाकायचं. 2.5 वरून 0.625 ला येता, फंक्शनची किंमत 1.58 वरून 1.10 वर उतरते, आणि तिथून पुढे पूर्ण पावलं चालतात. किंमत उतरली नाही तर पाऊल निम्मं करायचं, एवढा नियम कोडमध्ये हवाच. तो न लिहिता न्यूटनला दोष देणारे मी बरेच पाहिले.

सेन्सरवाला:
एका चलाची गोष्ट सांगताय. एक लाख पॅरामीटर असतील तर हेशियनमध्ये 10 अब्ज आकडे, 8 बाइटने 80 जीबी. त्याचा इन्व्हर्स तुमच्या क्रेवर काढणार का?

खटपट्या:
इन्व्हर्स, इन्व्हर्स, इन्व्हर्स! अहो, इन्व्हर्स काढायला सांगितलंय कुणी? सूत्रात H⁻¹ दिसलं की लोक inv टाइप करतात. दर कोड रिव्ह्यूला हेच बघून डोकं फिरतं. समीकरण सोडवा:

```python
L = np.linalg.cholesky(H)
p = -scipy.linalg.cho_solve((L, True), g)
x = x + t * p
```

चोलेस्कीला साधारण n³/3 क्रिया लागतात, इन्व्हर्सला 2n³. सहापट काम करायचं आणि वर पद्धतीलाच नावं ठेवायची.

बंड्या_बारामतीकर:
माझ्याकडे n = 3 आहे. सहापट म्हणजे किती, मायक्रोसेकंद? एवढ्यावरून दुसऱ्याचा कोड परत पाठवणं म्हणजे निव्वळ अडवणूक. आणि इन्व्हर्स नीट काढला तर उत्तराच्या अचूकतेत बहुतेक वेळा फारसा फरक पडत नाही. मी दोन्ही चालवून पाहिलंय.

खटपट्या:
वेळ सोडा. चोलेस्की तुम्हाला खोटं बोलू देत नाही, तो मुद्दा आहे. हेशियन पॉझिटिव्ह डेफिनिट नसेल तर चोलेस्की तिथेच थांबतो आणि स्क्रीनवर `Matrix is not positive definite` येतं. अर्थ सरळ आहे: तुम्ही खोलगट भागात नाही आहात, इथलं न्यूटनचं पाऊल चढावर किंवा सॅडलकडे नेऊ शकतं. inv एक शब्द न बोलता इन्व्हर्स हातात ठेवतो आणि तुम्ही खुशाल शिखराकडे चालू लागता. न्यूटनला फक्त ग्रेडियंट शून्य होण्याशी मतलब आहे. ते किमान आहे की कमाल, हे बघायचं काम तुमचं. एरर आला की कर्णावर थोडी धन संख्या मिळवा, H + τI, आणि पुन्हा सोडवा.

बंड्या_बारामतीकर:
हे आधीच सांगितलं असतंत तर वाद झाला नसता. एररचा मुद्दा घेतला. तीन चलांना inv वापरणाऱ्याला अडाणी ठरवणं मात्र अजूनही पटत नाही.

खटपट्या:
अडाणी हा शब्द मी वापरलेला नाही. वर जाऊन वाचा.

निमाताई:
तुमचं भांडण जरा थांबवाल का? माझा विषय हाच आहे की नाही ते माहीत नाही. पीएचडीसाठी रुग्णांच्या डेटावर R मध्ये लॉजिस्टिक रिग्रेशन चालवलं. खाली `Number of Fisher Scoring iterations: 25` आलं आणि इशारा आला: `fitted probabilities numerically 0 or 1 occurred`. एका तपासणीच्या सहगुणकाचा स्टँडर्ड एरर हजारात गेलाय. गाइड म्हणतात पद्धत बदल. म्हणजे न्यूटन बिघडला, असंच ना?

उतरंड:
ताई, विषय हाच आहे. लॉजिस्टिकमधलं फिशर स्कोअरिंग म्हणजे न्यूटनच. पण तो बिघडलेला नाही, तुमच्या डेटात किमानच नाही. त्या तपासणीचा निकाल आणि आजार यांचा तक्ता मांडून बघा. एखाद्या घरात शून्य असणार, उदाहरणार्थ तपासणी पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येकाला आजार आहे. मग सहगुणक जितका मोठा कराल तितकं मॉडेल जास्त चपखल बसतं, आणि त्याला शेवट नाही. अशा वेळी log(1 + e⁻ᵗ) ची शेपटी उतरायची असते. तिथे न्यूटनचं पाऊल 1 + e⁻ᵗ एवढं येतं, म्हणजे दर वेळी जवळपास 1. पोचायला ठिकाणच नाही, म्हणून वर्गाने आटणारी चूकही नाही. R चालत राहतं आणि पंचविसाव्या पावलाच्या आसपास थांबतं. नेहमीच्या डेटावर हेच काम चार-पाच पावलांत होतं, त्यामुळे 25 हा आकडाच खूण समजा.

पद्धत बदलून ग्रेडियंट डिसेंट लावलात तर ग्रेडियंट लहान झाला म्हणून तो कुठेतरी मध्येच थांबेल आणि सहगुणक खरा वाटेल. ते जास्त घातक. गाइडना फर्थची दुरुस्ती सुचवा. ती लाइकलीहुडलाच दंड लावते आणि किमान मर्यादित जागी येतं.

निमाताई:
तक्त्यात शून्य आहे, आत्ताच पाहिलं. पण माझा प्रश्न प्रबंधात त्याच तपासणीबद्दल लिहायचं काय हा आहे. ती निरुपयोगी म्हणायची की सर्वोत्तम?

सेन्सरवाला:
80 जीबीला कुणीच उत्तर दिलेलं नाही. आणि मी inv वापरत नाही. पाऊल निम्मं करायचा नियमही माझ्या कोडमध्ये आहे. हा कालचा लॉग, ग्रेडियंटचा आकार:

```
3.1e-02
1.2e-02
4.8e-03
1.9e-03
7.6e-04
```

कुठे दुप्पट होतायत अंक?

उतरंड:
80 जीबीवर तुमचं बरोबर आहे. एक लाख चलांना पूर्ण हेशियन साठवू नये. तिथे एल-बीएफजीएस लावा. तो मागच्या मोजक्या पावलांतले ग्रेडियंटचे फरक ठेवून वक्रतेचा अंदाज बांधतो. किमानाजवळ तो न्यूटनइतका धावत नाही, हे मान्य.

पण हा लॉग न्यूटनचा नाही. दर पावलाला चारदशांश, हे गुणोत्तर ठाम आहे. खरा न्यूटन पूर्ण पावलं टाकत असेल तर घात −2, −4, −8 असे पळायला हवेत. गुणोत्तर असं अडून बसतं तेव्हा दोन शक्यता असतात. एक, किमानालाच दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य होतं. x⁴ वर न्यूटन चालवा, दर वेळी x चं 2x/3 होतं, कितीही चाललात तरी. दुसरी, हेशियन पूर्ण नाही. तुम्ही वक्र बसवता. कोडमधली H ची ओळ दाखवा.

सेन्सरवाला:
`H = J.T @ J`. आमच्याकडे सगळे यालाच हेशियन म्हणतात.

उतरंड:
ते गाउस-न्यूटन झालं. फरकांच्या वर्गांची बेरीज कमी करताना हेशियनमध्ये आणखी एक पद असतं, प्रत्येक फरक गुणिले त्याचं स्वतःचं दुसरं डेरिव्हेटिव्ह. तुम्ही ते गाळलंय. वक्र बिंदूंवर अगदी चपखल बसला तर फरक शून्याजवळ जातात आणि गाळलेलं पद जाणवत नाही. तुमच्या सेन्सरला गोंगाट आहे, फरक उरतात, म्हणून चारदशांश. ते पद घालून एकदा चालवा.

सेन्सरवाला:
घालून बघतो. पण ते पद काढायला प्रत्येक मॉडेलची दुसरी डेरिव्हेटिव्हं हाताने लिहावी लागतील, आणि सध्या बारा पावलांत माझं काम भागतं. अभ्यासक्रमातून काढा हे मत मागे घेतो. कामात वापरा हे मत अजून झालेलं नाही.

खटपट्या:
ते पद घातल्यावर H पॉझिटिव्ह डेफिनिट राहीलच असं नाही. JᵀJ निदान कधी ऋण जात नाही. चोलेस्की लावा म्हणजे कळेल.

निमाताई:
माझ्या तपासणीबद्दल कुणी बोलणार आहे का?