मदत हवी आहे: अ‍ॅसिटोनचा डायपोल जास्त, तरी अ‍ॅसिटाल्डिहाइड जास्त रिअ‍ॅक्टिव्ह कसं?

अनुजा_बीएस्सी

नमस्कार. अल्डिहाइड आणि कीटोनवरचं न्यूक्लिओफिलिक अ‍ॅडिशन सध्या वर्गात चालू आहे. अल्डिहाइड जास्त रिअ‍ॅक्टिव्ह असतात याची दोन कारणं आम्हाला सांगितली. अल्किल गट इलेक्ट्रॉन ढकलतात, त्यामुळे कार्बोनिलच्या कार्बनवरचा धन प्रभार कमी होतो आणि कीटोनमध्ये असे दोन गट असतात, हे पहिलं. दोन गटांमुळे न्यूक्लिओफाइलला शिरायला जागा पुरत नाही, हे दुसरं.

मग मी डायपोल मोमेंटचा तक्ता उघडला. फॉर्माल्डिहाइड २.३३ डिबाय, अ‍ॅसिटाल्डिहाइड २.७५, अ‍ॅसिटोन २.८८. मिथिल वाढले तसा डायपोल वाढत गेला, आणि रिअ‍ॅक्टिव्हिटी मात्र त्याच क्रमाने घटते! कार्बनवरचा धन प्रभार कमी होत असेल तर डायपोलही घटायला हवा ना?

दुसऱ्या कारणाचंही तेच. मिथिल काही अवाढव्य गट नाही, शिवाय कार्बोनिल सपाट असतो, म्हणजे वरून आणि खालून वाट मोकळीच. मग अडतं कुठे? कुणीतरी नीट समजावून सांगा, प्लीज.

निखिल_०७

डायपोलच्या मागे नको लागूस. परीक्षेत +I परिणाम आणि गर्दी एवढं लिहिलं की पूर्ण मार्क मिळतात. मेकॅनिझम सोपं आहे: न्यूक्लिओफाइल कार्बनवर येतं, पाय बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर जातात, मग ऑक्सिजन प्रोटॉन घेतो. आणि कीटोन मंद वाटत असेल तर अ‍ॅसिड टाकायचं. ऑक्सिजनला प्रोटॉन लागला की कार्बन जास्त धन होतो आणि HCN पटकन जोडलं जातं.

सदानंद

आमच्या वेळी टॉलेन्सची चाचणी करायचो. अल्डिहाइडने नळीत चांदीचा आरसा धरायचा, कीटोनने नाही. अल्डिहाइड जास्त क्रियाशील असल्याचा याहून सोपा पुरावा कोणता?

मीनल_ऑरगॅनिक

सदानंदकाका, आरशाचं बरोबर आहे, पण ते ऑक्सिडेशन. तिथे अल्डिहाइडच्या कार्बनवरचा हायड्रोजन जातो आणि आम्ल तयार होतं. कीटोनला तो हायड्रोजनच नसतो, म्हणून तो मागे राहतो. अनुजाचा प्रश्न जोडणीचा आहे आणि त्याची कारणं वेगळी आहेत.

अनुजा, तुझी शंका अगदी योग्य जागी आहे. "धन प्रभार कमी होतो" हे वाक्य अर्धवट आहे. मिथिल गट कार्बोनिलला इलेक्ट्रॉन पुरवतो, म्हणजे तो C⁺–O⁻ या रूपाला आधार देतो. आधार मिळाला की ते रूप जास्त वाट्याने येतं, ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन आणखी सरकतात आणि डायपोल वाढतो. पण तो धन प्रभार आता एकट्या कार्बनवर साचलेला नसतो, मिथिलवरही पसरलेला असतो. डायपोल सगळ्या रेणूचा मोजला जातो, एका कार्बनचा नाही. त्यामुळे तुझे तीन आकडे आणि रिअ‍ॅक्टिव्हिटीचा क्रम यांत भांडण नाही.

मुख्य मुद्दा स्थिरतेचा आहे. मिथिलने कार्बोनिलला जो आधार दिला, तो जोडणी होताना सोडावा लागतो, कारण C=O च उरत नाही. प्रोपॅनाल आणि अ‍ॅसिटोन घे. दोघांचं सूत्र C₃H₆O, पण वायुरूपात अ‍ॅसिटोन सुमारे २९ किलोज्यूल प्रति मोलने जास्त स्थिर. आता दोघांत H₂ मिळव, म्हणजे प्रोपेन-१-ऑल आणि प्रोपेन-२-ऑल. त्यांच्यातला फरक उरतो साधारण १७ किलोज्यूल. बाकीचे बाराएक किलोज्यूल C=O बरोबर गेले, आणि ती किंमत कीटोनने मोजली. अल्डिहाइडला ती मोजावी लागत नाही.

गर्दीचं उत्तर थोड्या वेळाने लिहिते. त्याआधी निखिलच्या अ‍ॅसिडबद्दल बोलायलाच हवं.

निखिल, पायऱ्या बरोबर आहेत, अ‍ॅसिड मात्र इथे उलटं काम करेल. कार्बोनिलवर हल्ला HCN करत नाही, CN⁻ करतो. HCN चा पीकेए ९.२ च्या आसपास आहे. पीएच २ ला नेलंस तर साधारण दीड कोटी HCN रेणूंमागे एक सायनाइड आयन उरेल. कार्बोनिल कितीही उत्सुक असू दे, त्याच्यावर चालून येणारं कोणी नाही. लॅपवर्थने १९०३ मध्ये हेच दाखवलं. त्याने पिवळं कॅम्फरक्विनोन वापरलं, त्याचं सायनोहायड्रिन रंगहीन असतं, त्यामुळे रंग किती वेगाने उडतो ते डोळ्यांना दिसतं. थोडा अल्कली घातला की वेग वाढायचा, आम्ल घातलं की मंदावायचा.

अल्कलीही ओतत सुटायचं नाही. शेवटी अल्कॉक्साइडला प्रोटॉन द्यायला HCN शिल्लक लागतं. सगळं सायनाइड करून टाकलं तर प्रक्रिया मागे फिरते, कारण ती उलटसुलट चालणारी आहे. आणि सायनाइडमध्ये अ‍ॅसिड टाकलं की HCN वायू सुटतो, तो जीवघेणा आहे. करून बघायचा हा प्रयोग नव्हेच. अ‍ॅसिडचा उपयोग पाणी किंवा अल्कोहोलसारख्या दुबळ्या न्यूक्लिओफाइलला होतो, कारण सौम्य आम्लात ती फारशी निकामी होत नाहीत.

निखिल_०७

ओके, HCN स्वतः हल्ला करत नाही हे लक्षातच घेतलं नव्हतं. पण मग सायनाइड कार्बोनिलवर येतं तो टप्पा मंद की प्रोटॉनचा?

मीनल_ऑरगॅनिक

सायनाइडचा. ऑक्सिजनवर प्रोटॉन जाणं त्यापुढे क्षणाचं काम.

आता गर्दी. अनुजा, वरून वाट मोकळी आहे हे खरं, पण न्यूक्लिओफाइल कार्बनच्या डोक्यावर सरळ उतरत नाही. ब्युर्गी आणि ड्युनिट्झ यांनी १९७० च्या दशकात स्फटिकांच्या रचना तपासून दाखवलं की ते C=O शी साधारण १०७ अंशांचा कोन करून येतं, म्हणजे ऑक्सिजनपासून मागे झुकून. मागे झुकलं की ते कोणावर येतं? त्या दोन गटांवर! अल्डिहाइडमध्ये एका बाजूला नुसता हायड्रोजन आहे, तिकडून निसटता येतं. अ‍ॅसिटोनमध्ये दोन्हीकडे मिथिल.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. कार्बनचे कोन १२० वरून १०९ च्या जवळ येतात, म्हणजे जे दोन मिथिल ऐसपैस होते ते एकमेकांकडे आणि नव्या गटाकडे ढकलले जातात. गर्दी सुरुवातीच्या रेणूत बघायची नाही, ट्रान्झिशन स्टेट आणि उत्पादनात बघायची. तू सपाट रेणूचं चित्र बघतेस म्हणून ती दिसत नाही.

आकडे हवे असतील तर पाण्याची जोडणी घे. २५ अंशाला हायड्रेट आणि मूळ कार्बोनिल यांचं प्रमाण फॉर्माल्डिहाइडला सुमारे २०००, अ‍ॅसिटाल्डिहाइडला १ च्या आसपास, अ‍ॅसिटोनला हजारात एक-दोन. एकेका मिथिलमागे साधारण हजारपट घट. हजारपट म्हणजे लॉग ३, आणि या तापमानाला लॉगच्या दर एककामागे ५.७ किलोज्यूल, म्हणजे दर मिथिलला सतराएक किलोज्यूल.

अनुजा_बीएस्सी

मीनलताई, खूप खूप आभार! पसरलेल्या प्रभाराचा भाग आत्ता कुठे सुटला. पण हे १७ किलोज्यूल इलेक्ट्रॉनिक किती आणि गर्दीचे किती? आणि हायड्रेटचे आकडे समतोलाचे आहेत, वेगाचे नाहीत. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे वेग ना?

लॅबमधला_मी

मी बायसल्फाइटवर काम करतो, माझा अनुभव सांगतो. संपृक्त सोडियम बायसल्फाइटबरोबर हलवलं की बेंझाल्डिहाइडचं पांढरं घट्ट अ‍ॅडक्ट बसतं, अ‍ॅसिटोफिनोन तसंच तेलकट राहतं. इथवर पुस्तकाप्रमाणे. पण सायक्लोहेक्झॅनोनही पांढरं बसतं! कीटोन असून. मग "कीटोन मंद" हा नियम कसा?

मीनल_ऑरगॅनिक

सायक्लोहेक्झॅनोनमध्ये दोन्ही गट वलयात बांधलेले आहेत, वाटेतून मागे ओढून धरल्यासारखे. शिवाय सहाच्या वलयात सपाट कार्बन थोडा ताणात असतो. चार बंध झाले की तो खुर्चीच्या रचनेत नीट बसतो आणि ताण सुटतो. पाचच्या वलयात उलटं, चार बंध झाले की शेजारचे हायड्रोजन समोरासमोर येतात. म्हणून सायक्लोपेंटॅनोन त्याच्यापेक्षा मंद. अल्डिहाइड-कीटोन हा क्रम सारख्या साखळ्यांमध्ये तुलना करताना धरायचा. अ‍ॅसिटोफिनोनला मिथिल आहेच, वर फेनिलचं रेझोनन्सही आहे, ते C=O ला धरून ठेवतं.

अनुजा, वेग आणि समतोल या वेगळ्या गोष्टी, बरोबर. पण इथे दोन्ही बहुतेक एकाच दिशेने जातात, कारण जो आधार ट्रान्झिशन स्टेटमध्ये सुटायला लागतो तोच पुढे उत्पादनात पूर्ण सुटतो. वाटणीबद्दल मी एकच आकडा देणार नाही, ती न्यूक्लिओफाइलगणिक बदलते. टोकाची उदाहरणं बघ. हेक्झाफ्लुओरोअ‍ॅसिटोनमध्ये दोन CF₃, मिथिलहून मोठे, तरी पाण्यात तो जवळपास पूर्णपणे हायड्रेट. गर्दीच मुख्य असती तर तसं झालं नसतं. उलट दोन टर्ट-ब्युटिल गट असलेला कीटोन घेतलास तर इलेक्ट्रॉन देण्यात अ‍ॅसिटोनहून फार वेगळा नाही, पण जोडणीला फार जड.

निखिल_०७

मग बेंझाल्डिहाइड आणि अ‍ॅसिटोन यांत पुढे कोण? एकाकडे हायड्रोजन आहे पण रेझोनन्सही आहे.

मीनल_ऑरगॅनिक

पाण्याच्या जोडणीत बेंझाल्डिहाइड अ‍ॅसिटोनच्या थोडा पुढे, पण अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या बराच मागे. दुसऱ्या न्यूक्लिओफाइलला हाच क्रम राहील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

अनुजा_बीएस्सी

मग पॅरा-नायट्रो लावला तर पुढे सरकेल आणि पॅरा-मेथॉक्सी लावला तर मागे, बरोबर? तिथे गर्दी तीच राहते, कारण गट लांब आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग एकटा बघायला ही मालिका जास्त चांगली.

मीनल_ऑरगॅनिक

अगदी. नायट्रो, मग साधं, मग मिथिल, मग मेथॉक्सी, असा क्रम काढून बघ आणि इथे टाक.

लॅबमधला_मी

मेथॉक्सीवाल्याचं बायसल्फाइट मी लावू शकतो. पण अ‍ॅडक्ट घट्ट बसणं हे त्याच्या विद्राव्यतेवरही अवलंबून, त्यामुळे नुसता साका बघून क्रम ठरवता येणार नाही.