तास मोजायचे की वेळ पाळायची?

पेंगुळलेला: रविवार ते गुरुवार रात्री साडेबाराला झोपतो, सकाळी साडेसहाचा गजर. शुक्रवारी आणि शनिवारी मात्र रात्री तीनला आडवा होतो, उठतो अकराला. वय ३४, आजार काही नाही. पण सोमवारी-मंगळवारी डोकं जड असतं. बायको म्हणते रोज ठरल्या वेळी झोप. मी म्हणतो आठवड्याचे तास भरले की झालं. कोणाचं बरोबर?

गणपुले काका: सूनबाईंचं! मी चाळीस वर्षं रात्री दहाला दिवा बंद करतो आणि पाचला गजराशिवाय उठतो. लवकर निजे, लवकर उठे हे उगीच म्हणत नाहीत. तासबीस मोजण्यात अर्थ नाही. वेळ पाळली की पाच-सहा तासही पुरतात.

निशा_रात्रपाळी: काका, दहा ते पाच म्हणजे सात तास झाले की! तुम्ही वेळही पाळता आणि तासही भरता, श्रेय मात्र एकट्या वेळेला देता.

वेळ पाळून तास कमी पडले तर काय होतं, ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं (निकाल २००३ साली छापून आले). निरोगी माणसांना चौदा दिवस प्रयोगशाळेत ठेवून कोणाला चार, कोणाला सहा, कोणाला आठ तास झोपू दिलं. वेळा रोज ठरलेल्या, त्यामुळे अनियमितपणाचा प्रश्नच नव्हता. तरी सहा तासवाल्यांचं लक्ष दिवसेंदिवस जास्त चुकत गेलं. शेवटी त्यांची अवस्था अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली होती, आणि ते स्वतः सांगत होते की थोडीशीच झोप येते आहे. म्हणून 'मला पुरतात' या वाक्यावर माझा विश्वास नाही. आधी तास.

सुमेध: पण अलीकडे ब्रिटनमधल्या साठेक हजार लोकांचा अभ्यास आला होता. त्यात तासांपेक्षा नियमितपणावरून आयुष्याचा अंदाज जास्त चांगला येत होता. विषय संपला.

निशा_रात्रपाळी: त्यात मृत्यू मोजले होते, सकाळचा ताजेपणा नाही. शिवाय ज्यांना आधीच काही दुखणं आहे त्यांची झोप त्यामुळेही विस्कटते, हेही लक्षात घ्या.

झोपशाळेतला: मी झोपेच्या तपासण्या करतो. निशाताई, तास भरायला हवेत हे मान्य, पण वेळ बाजूला सारणं मान्य नाही. १९९६ चा एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. कॉलेजच्या मुलांचे दोन गट केले आणि दोघांनाही सांगितलं, किमान साडेसात तास झोपा. एका गटाला वेळही ठरवून दिली. त्या गटातल्या मुलांनी जास्त तरतरी सांगितली आणि ती जास्त दिवस टिकली. म्हणजे तास भरल्यावरही वेळेचा वेगळा फायदा उरतोच.

आता मूळ प्रश्न. पेंगुळलेले, तुमच्या झोपेचा मध्य इतर दिवशी पहाटे साडेतीनला येतो, सुट्टीला सकाळी सातला. फरक साडेतीन तासांचा. दर शुक्रवारी उन्हाळ्यातल्या पॅरिसला जाऊन सोमवारी ड्यूटीवर हजर व्हावं, तसं हे आहे, फक्त पॅरिस बघायला मिळत नाही. रविवारी अकराला उठल्यावर साडेबारापर्यंत झोपेची भूक पुरती साठत नाही आणि शरीराचं घड्याळही मागे सरकलेलं असतं. मग दोनपर्यंत कूस बदलत असाल. खरं ना?

पेंगुळलेला: दोन तरी वाजतातच.

झोपशाळेतला: म्हणजे त्या रात्री साडेचारच तास. आठवड्याचे साडेचव्वेचाळीस, सरासरी सहा तास एकवीस मिनिटं. तुमचे तासही भरत नाहीत! एक सांगा, गुरुवारी कसं वाटतं? नुसता वेळेचा घोळ असेल तर गुरुवारपर्यंत घड्याळ जागेवर येतं आणि बरं वाटतं. तासांची तूट असेल तर गुरुवार सोमवारपेक्षा वाईट जातो.

पेंगुळलेला: गुरुवारी डोकं जड नसतं, पण मीटिंगमध्ये डोळे मिटतात.

माधुरी: मग दुपारी वामकुक्षी घ्या ना. मी वीस मिनिटं पडते, रात्री कधीही झोपले तरी चालतं.

झोपशाळेतला: ताई, डुलकीने दुपार निभते, रविवारची रात्र नाही. पेंगुळलेले, तुमच्याकडे दोन्ही घोळ आहेत. झोपायची वेळ ठरवत बसू नका, झोप हुकमावर येत नाही. उठायची वेळ धरा. सुट्टीला जास्तीत जास्त आठ, आणि उठल्यावर लगेच गॅलरीत उजेडात चहा. रविवारी आपोआप लवकर पेंग येईल. मग इतर रात्री साडेअकराकडे सरका.

निशा_रात्रपाळी: शुक्रवारी तीनला झोपून शनिवारी आठला उठायचं? पाच तास! वेळ पाळायला तास कापताय. मी त्याला दहापर्यंत झोपू देईन.

झोपशाळेतला: पहिला शनिवार वाईट जाईल, कबूल. दहाला मी तयार होईन, पण मग रविवारी पुन्हा दहा नको.

गणपुले काका: तीनपर्यंत जागून करता काय, ते आधी सांगा.

पेंगुळलेला: काका, मुलगी झोपल्यावर तेवढाच वेळ माझा असतो. तो सोडणार नाही. रविवारी आठला उठून बघतो.